थंडीत चाफ्याची सगळी पानं गेली: झाड झोपलंय की मरतंय, हे कसं ओळखायचं

तुळशीची लग्नं लागली की आमच्या नर्सरीत एकच प्रश्न घेऊन माणसं येऊ लागतात. "चाफ्याला औषधाला पान उरलं नाही. झाड गेलं का?" गुहागर तालुक्यात मी गेली सतरा-अठरा वर्षं रोपं करतोय आणि हा प्रश्न एकाही हिवाळ्यात चुकलेला नाही. बहुतेक वेळा झाड ठणठणीत असतं. काही वेळा ते खरोखरच आतून कुजत असतं. मला सगळ्यात वाईट वाटतं ते तिसऱ्या प्रकाराचं: झाड नीट झोपलेलं होतं, पण पानं गेली म्हणून घाबरून रोज पाणी घातलं आणि त्या पाण्यानेच ते मेलं. ही चूक टळावी म्हणून लिहितोय.

चाफा म्हणजे इथे देवचाफा, ज्याला कुणी खुरचाफा म्हणतं: जाड बोटांसारख्या फांद्या, पांढरा चीक आणि पांढरी-पिवळी किंवा लाल-गुलाबी फुलं असलेला. सोनचाफा हे पूर्ण वेगळं झाड आहे. सोनचाफा थंडीत सगळा उघडा पडला तर ती झोप समजू नका, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

आधी लक्षणं

झोपेत जाणाऱ्या चाफ्याची पानं खालून वर पिवळी होत जातात. एकेक पान देठासकट सुटून पडतं आणि फांदीवर त्याच्या जागी गोलसर, स्वच्छ, कोरडा वण राहतो. पानगळ सगळ्या फांद्यांवर साधारण एकाच वेळी होते. शेवटी फांदीच्या टोकाला दोन-चार लहान पानं राहतात, कधी तीही जातात. टोक मात्र घट्ट, टोकदार आणि राखाडी-हिरवं असतं.

बिघडलेल्या झाडात हा क्रम मोडतो. एकाच बाजूची पानं आधी जातात, किंवा पानं गळून न पडता फांदीवरच करपून लोंबत राहतात. टोक काळं पडून आत आक्रसतं. फांदीवर सुरकुत्या पडतात आणि बोटाने दाबलं की ती जुन्या भोपळ्यासारखी आत जाते. कधी बुंध्याजवळची साल गडद, ओलसर दिसते आणि तिला आंबूस वास येतो.

यातलं एखादंच लक्षण दिसलं तर लगेच निकाल लावू नका. थोड्या सुरकुत्या झोपलेल्या झाडालाही पडतात. म्हणून खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या चारांना खर्च नाही आणि झाडाला इजाही नाही. बहुतेकांचं उत्तर तिथेच मिळतं.

१. महिना बघा आणि जात बघा

चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. तिथे वर्षाचा मोठा भाग कोरडा जातो. जाड फांदीत पाणी साठवायचं आणि पाणी उडवून टाकणारी पानं कोरड्या दिवसांत टाकून द्यायची, ही त्याची जगण्याची रीत आहे. आपल्याकडेही जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि मग पुढच्या जूनपर्यंत जवळजवळ कोरडं, त्यामुळे इथे त्याची ती सवय टिकून राहिली. दिवस लहान झाले, माती सुकू लागली, रात्री गार झाल्या की तो पानं सोडतो. किनाऱ्यावर रात्रीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली क्वचितच जातं. एवढ्या थंडीने चाफा मरत नाही. तेव्हा "थंडी बाधली" हे कारण आपल्या किनारपट्टीवर मी सोडूनच दिलंय.

माझ्या अनुभवात इथली पानगळ दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्गशीर्ष-पौषात झाड पूर्ण उघडं होतं. शिमग्याच्या आसपास टोकं हलू लागतात. कित्येकदा पानांच्या आधी फुलांचा तुराच येतो, उघड्या फांदीवर फुलं दिसतात. तुमचं झाड या वेळापत्रकात बसत असेल तर निम्मी काळजी इथेच मिटली.

जातीचा फरकही लक्षात घ्या. पडलेलं पान शोधा. पानाचं टोक निमुळतं असेल तर तो सगळी पानं टाकणारा चाफा. टोक गोल आणि पान गडद, चकचकीत असेल तर तो आपण नर्सरीवाले सिंगापुरी चाफा म्हणून विकतो तो. किनाऱ्यावर तो बरीच पानं हिवाळाभर धरून ठेवतो. चमच्यासारख्या पानांच्या आणि पांढऱ्या गुच्छांच्या जातीचंही तसंच. या दोन जाती जमिनीत चांगल्या मुरलेल्या असताना पूर्ण उघड्या पडल्या, तर पुढच्या तपासण्या नक्की करा.

२. पडलेलं पान उलटं करून बघा

गणपतीनंतर, पाऊस ओसरायच्या वेळी, पुष्कळ चाफ्यांच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसते. बोट फिरवलं तर हळद लागावी तशी ती बोटाला लागते. वरच्या बाजूने त्याच जागी पिवळे-तपकिरी ठिपके असतात. हा तांबेरा. ही बुरशी पानावर जगते, फांदीत शिरत नाही. पण तिच्यामुळे पानं महिना-दोन महिने आधीच गळतात. दसऱ्याला झाड उघडं पडलेलं पाहून माणूस हादरतो, आणि ते स्वाभाविक आहे.

ही तपासणी आधी करायची कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. तांबेऱ्याने पानं गेली आणि फांद्या टणक असल्या तर झाड तसंच झोपेत जातं आणि वसंतात उठतं. तेव्हा पडलेली पानं गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, झाडाखाली कुजत ठेवू नका. उघड्या झाडावर हिवाळ्यात बुरशीनाशक मारून काही मिळत नाही, पान नाही तर औषध बसणार कशावर? फवारायचंच तर पुढच्या पावसाळ्यात, पहिले ठिपके दिसताच, उघडीप बघून पाण्यात मिसळणारी गंधकाची भुकटी पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून फवारा. पानांच्या खालच्या बाजूला पोचली पाहिजे.

पानांच्या देठापाशी किंवा टोकावर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा. यानेही मोठं झाड मरत नाही.

३. फांदी दाबा, टोक बघा

इथून खरी परीक्षा सुरू होते. पान झाडाने सोडून दिलेली गोष्ट आहे. ते गेल्यावर झाडाची तब्येत फक्त फांदी सांगते.

अंगठा आणि तर्जनीत फांदी धरून हळू दाबा. टोकापासून सुरू करा आणि वीतभर अंतराने खाली बुंध्यापर्यंत या. सगळ्या फांद्या अशा तपासा, एकीवर थांबू नका. झोपलेली फांदी कच्च्या पपईसारखी टणक लागते. किंचित सुरकुत्या असतील आणि तरी टणक असेल तर ती तहान आहे. दाबल्यावर बोट आत गेलं, खळगा तसाच राहिला किंवा आत पोकळ वाटलं तर ती जागा खडूने खूण करून ठेवा.

खूण कुठे आहे यावरून पुढचं सगळं ठरतं. फक्त टोक काळं-मऊ आणि खाली टणक, तर कूज वरून खाली चालली आहे. पावसात टोकात पाणी राहून असं पुष्कळदा होतं आणि हे सोपं प्रकरण आहे. बुंधा मऊ आणि टोकं अजून टणक, तर कूज मुळांतून वर येते आहे. यात वेळ फार थोडा असतो. टोकं चांगली दिसतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि नेमका तोच वेळ हातचा जातो.

मागच्या जानेवारीत खाडीकाठच्या एका गावातून एका वहिनींनी बोलावलं. त्यांचे दोन चाफे. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात देवळाजवळच्या एकाच झाडाच्या दोन फाट्या तोडून लावलेले. एक पुढच्या अंगणात गडग्याला लागून, दुसरा मागे न्हाणीपाशी. दोन्ही उघडे. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुढचा चाफा गेला बघा. मागचा तरी वाचवा, त्याला थोडं उशिरापर्यंत पान होतं."

मी दोन्ही दाबून पाहिले. पुढचा खालपासून वरपर्यंत टणक, वण स्वच्छ, टोकं घट्ट. मागच्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन फांद्या फुटल्या होत्या. न्हाणीच्या बाजूची फांदी मुळापाशी अंगठ्याने खचली. तिच्या शेजारची थोडी नरम. तिसरी वरून टणक. ज्याची वहिनींना आशा होती तेच झाड आजारी होतं. त्याची पानंही, विचारल्यावर कळलं, न्हाणीच्या बाजूने दसऱ्यालाच गेली होती आणि पलीकडच्या फांदीवर महिनाभर लोंबत होती. उशिरापर्यंत पान राहणं हे त्यांना चांगलं लक्षण वाटलं होतं.

४. माती आणि पाणी

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कुंडी असेल तर तळाच्या भोकाशीही हात लावून बघा, कारण वर सुकलेली माती खाली चिखल असू शकते. उघड्या चाफ्याची माती कोरडी असायला हवी. पानं नसलेलं झाड पाणी जवळजवळ घेतच नाही. घातलेलं पाणी मुळांभोवती साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि कूज आणणाऱ्या बुरशीला हवी तशी जागा तयार होते. चाफ्याचं खोड जितकं पाणी साठवतं तितकंच ते सहज कुजतं.

मग बुंधा धरून अगदी हळू हलवा. रुजलेलं झाड मातीसकट हलतं. बुंधा मातीत सैल, भोकात ठेवलेल्या काठीसारखा हलला तर खाली मुळं उरलेली नाहीत असं समजा.

आणि पाणी येतं कुठून ते शोधा. हे काम झाडापासून दहा पावलं लांब जाऊन करायचं असतं. आपल्या घरांभोवती न्हाणीचं पाणी, माडा-पोफळींना जाणारा पाट, टाकीचा ओघळ, असं काही ना काही बारमाही वाहत असतं. चिऱ्याच्या उतारावरच्या चाफ्याला ते बाधत नाही, पण खोलगट जागी आठवडाभर ओल राहते. वहिनींकडे पाच वर्षं मागचा चाफा उत्तम होता. मग सहाव्या वर्षीच काय झालं? त्या उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी पोफळींकडे न्यायला नवा पाइप टाकला होता. मी तो पाइप हाताने चाचपत गेलो. चाफ्यापासून हातभर अंतरावरचा एक सांधा सतत झिरपत होता. वरून पाचोळा असल्याने ओल दिसत नव्हती, पाचोळा बाजूला केला तर माती काळी आणि चिकट.

भर म्हणून, पानं गेल्यापासून दोन्ही झाडांना रोज एक बादली पाणी आणि आठवड्याला शेणकाला चालू होता. पुढचा चाफा उतारावर, चिऱ्यांच्या भरावात असल्यामुळे तगला. त्याचं पाणी आणि खत त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. त्याला दुसरं काहीही करावं लागलं नाही.

जमिनीतल्या मोठ्या चाफ्याला झोपेत पाणी अजिबात नको. लहान कुंडीत, फांदी टणक पण सुरकुतलेली, माती तळापर्यंत कोरडी आणि बुंधा घट्ट असेल, तरच एक तांब्या पाणी द्या आणि आठ दिवस थांबा. सुरकुत्या भरल्या तर तहानच होती. मग महिन्यातून एकदा तेवढंच पाणी पुरतं. भरल्या नाहीत तर पाणी वर चढत नाही, म्हणजे मुळं बघावी लागतील.

५. नखाने खरवडा

शंका उरली तरच ही पायरी. फांदीच्या कडेला, टोकापासून वीतभर खाली, नखाने किंवा चाकूच्या टोकाने तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. चीकही येतो, पण झोपेत तो पावसाळ्यासारखा ठिबकत नाही, हळू पाझरतो. तेव्हा चीक कमी म्हणून घाबरू नका. तपकिरी, कोरडं आणि बिनचिकाचं निघालं तर चार बोटं खाली पुन्हा खरवडा. हिरवं लागेल तिथपर्यंत फांदी जिवंत आहे.

चीक कातडीला चुरचुरतो आणि डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. हातमोजे घाला आणि काम चालू असताना डोळे चोळू नका.

६. मुळं बघा

कुंडीतलं झाड आडवं करून गोळा बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर आणि घट्ट असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा उरतो. थोडीच मुळं गेली असतील तर ती कापा, झाड आठवडाभर सावलीत उघडं सुकू द्या आणि कोरड्या, भरड मातीत लावा. मी चिरेखाणीतला भरड चुरा दोन भाग, नदीची वाळू एक भाग आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग घेतो. समुद्राची वाळू वापरू नका. जवळ आहे म्हणून पुष्कळजण ती घालतात आणि मिठाने नवी मुळं जळतात.

जमिनीतल्या झाडाला सगळीकडे खणत बसू नका. शंकेच्या बाजूला बुंध्यापासून वीतभर अंतरावर छोटा खड्डा करा आणि एक-दोन मुळं पाहा, तेवढं पुरतं.

७. कापून बघणं, सगळ्यात शेवटी

कापलेली फांदी परत जोडता येत नाही, म्हणून ही पायरी शेवटी ठेवलीय. धारदार चाकू किंवा करवत घ्या आणि प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. नाहीतर कुजकी फांदी कापून तेच पातं चांगल्या फांदीत फिरवल्याने आजार आपणच पसरवतो.

काप निरोगी असेल तर तो सगळा पांढरट-हिरवट दिसतो आणि कडेने चिकाचे थेंब येतात. कुजका काप मध्यभागी तपकिरी असतो. कडा पांढरी आणि मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग असेल तर तेही कुजकंच समजायचं, कूज गाभ्यातून पुढे चालते. टोकाकडून आलेली कूज असेल तर वरून खाली चार-चार बोटं कापत या आणि डाग पूर्ण संपला की आणखी चार बोटं खाली शेवटचा काप घ्या. काप थोडा तिरका ठेवा, पाणी साचत नाही. वर बोर्डो पेस्ट लावा. आंबा आणि सुपारीवाल्या घरात मोरचूद आणि चुना असतोच: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं घेऊ नका.

मुळांकडून आलेली कूज असेल तर उलटं करायचं, वरचा चांगला भाग खालच्यापासून सोडवायचा. वहिनींच्या मागच्या चाफ्याचं तेच केलं. पाइपाच्या बाजूची पहिली फांदी टोकापर्यंत तपकिरी निघाली, ती गेली. दुसरी दुबेळक्यापासून हातभर तपकिरी आणि तिथून वर स्वच्छ. तिसरी पूर्ण पांढरी, पण ती जिथे फुटली होती तिथल्या खोडात एका बाजूला डाग होता. वहिनींना ती झाडावरच ठेवायची होती. त्यांचं मन मला समजत होतं, सहा वर्षांचं झाड होतं. पण पूर्वी मी अशी एकेक फांदी दोनदा राखून पाहिली आहे. दोन्ही वेळा पुढच्या पावसात खोडातली कूज तिच्यात चढली आणि शेवटी फाटी करायलाही काही उरलं नाही. म्हणून तीही काढली.

दोन फांद्यांतून हात-हातभर लांबीच्या पाच फाट्या मिळाल्या. त्या पडवीत, सावलीत, वाऱ्यावर पंधरा दिवस उलट्या टांगल्या. कापावर कोरडी, कडक खपली धरल्याशिवाय चाफा मातीत लावायचा नाही, ओला काप मातीत गेला की तिथूनच कुजतो. फेब्रुवारीत वर सांगितलेल्या मातीच्या पिशव्यांत, शेणखत वगळून, चार बोटं खोल लावल्या. एकदा पाणी दिलं आणि मग टोकाला हिरवं दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवली. एप्रिलच्या शेवटी तिघांना पानं फुटली होती. दोन आक्रसून गेल्या. पुढच्या चाफ्याला तोवर फुलाचा तुरा आला होता.

खालचं खोड खणून काढलं, पाइपाचा सांधा बदलला. त्या खड्ड्यात नवा चाफा लगेच लावू नका असं सांगितलं. तिन्ही रोपं गडग्याच्या बाजूला गेली.

किती वाट पाहायची

सगळ्या फांद्या टणक असतील तर पाडव्यापर्यंत निवांत राहा. काही झाडं आळशी असतात, एप्रिल अखेरीपर्यंत वेळ घेतात. सावलीतल्या झाडाला आणखी उशीर होतो. टोक हिरवं झालं, नवं पान बोटभर निघालं की मगच पाणी सुरू करा, खत त्यानंतर. मे निम्मा झाला आणि एकाही टोकात हालचाल नसेल तर पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सगळं तपासा. पावसाने भिजायच्या आधी निर्णय व्हायला हवा. कूज पकडलेलं झाड कोकणातल्या जूनमध्ये टिकत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

मांडीएवढ्या जाड खोडाला मऊपणा लागला, ठोकल्यावर पोकळ वाजलं किंवा झाड कलू लागलं तर स्वतः कापायला जाऊ नका. चाफ्याचं लाकूड ठिसूळ असतं, फांदी वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. घराच्या कौलांवर, रस्त्यावर किंवा देवळाच्या आवारात आलेल्या जुन्या चाफ्यावर चढू नका. दोर बांधून टप्प्याटप्प्याने फांद्या उतरवणारी माणसं आपल्या भागात आहेत, त्यांना बोलवा. वीजतारा जवळ असतील तर आधी वीज कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करून घ्या. त्याशिवाय करवत लावायची नाही. नगरपंचायतीच्या हद्दीत झाड पूर्ण काढायचं असेल तर परवानगीचं आधी विचारा.

खोडाला भोकं पडून भुसा बाहेर येत असेल, किंवा पाण्याचं कारण सापडत नसताना एकाच हंगामात बागेतली दोन-तीन झाडं मऊ पडत असतील, तर अंदाजाने औषधं ओतू नका. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना न्या. चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

नमुना नेताना पूर्ण कुजलेला तुकडा नेऊ नका, त्यात मूळ बुरशी शोधणं अवघड होतं. जिथे पांढरं संपून तपकिरी सुरू होतं ती हद्द मध्ये येईल असा वीतभर तुकडा कापा, मूठभर बारीक मुळं आणि थोडी माती वेगळी घ्या. कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत तो रस्त्यातच घामेजून सडतो. पाणी किती आणि कधी देत होतात, पानं कोणत्या बाजूने आधी गेली, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.